तळोज्याची निळी कुत्री: रंग आला कुठून?

आज पडद्यावर सुरुवातीला एकच फोटो ठेवतो आहोत. ऑगस्ट २०१७, पनवेलजवळची तळोजा एमआयडीसी. रस्त्याच्या कडेला एक भटकं कुत्रं उभं आहे. मूळचं पांढरं असावं, पण फोटोत ते चक्क आकाशी निळं दिसतं. नवी मुंबईतल्या प्राणिमित्रांनी असे फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली आणि आठवड्याभरात ही कुत्री जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली.

आपल्याकडे ही गोष्ट ऐकताच पंचतंत्रातला कोल्हा आठवतो. कुत्री मागे लागल्यावर तो रंगाऱ्याच्या नीळीच्या पिंपात पडला आणि निळा होऊन जंगलाचा राजा झाला. हा कोल्हा जरा बाजूला बसवून ठेवू या, पुढे तो साक्षीला लागणार आहे.

पहिला संशय अर्थातच नदीवर गेला. तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्यातून कासाडी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. शेकडो कारखान्यांचं सांडपाणी तिच्या वाट्याला येतं, ही तक्रार मच्छीमार आधीपासूनच करत होते. त्यामुळे पहिल्या बातम्यांचा सूर असा होता की कुत्री अन्न शोधत नदीत उतरतात आणि निळी होऊन बाहेर येतात. नदीच्या पाण्याचा एक आकडाही छापून आला: बीओडी लिटरला ८० मिलिग्रॅम.

हा आकडा नीट समजून घेऊ. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, याचं हे माप. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून ते काढतात. नदीत सोडायच्या सांडपाण्याला ३० ची मर्यादा आहे. आता गंमत बघा. या तापमानाला लिटरभर स्वच्छ पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतो तो जेमतेम ८ मिलिग्रॅम, आणि इथे मागणी ८० ची. म्हणजे आवक नाही, उधारी दहापट. अशा पाण्यात मासे गुदमरणार.

पण आपला प्रश्न रंगाचा आहे, आणि इथे बहुतेकांची गल्लत झाली. बीओडी रंगाबद्दल काहीच सांगत नाही. कृत्रिम रंग टिकाऊ असावेत म्हणूनच बनवलेले असतात. जिवाणूंना ते सहसा पचत नाहीत, म्हणून या चाचणीत ते फारसे उमटतच नाहीत. दिसायला नितळ पाण्याचा बीओडी ८० असू शकतो आणि गडद निळ्या पाण्याचा अगदी कमी. नदी घाण आहे, हे या आकड्याने सिद्ध झालं. कुत्रं तिच्यामुळे निळं झालं, हे नाही झालं.

आता पुन्हा फोटोकडे या. कुत्रं नदीत उतरलं तर आधी काय भिजेल? पाय, पोट, फार तर छाती. फोटोत मात्र पाठ आणि डोकंही निळं आहे. पोहलं असेल, असं कुणी म्हणेल. ठीक, पण महिना ऑगस्टचा आहे. कोकणातला पाऊस ऐन भरात, नदी वर्षातली सगळ्यात भरलेली. त्या पाण्याने कुत्रं इतकं निळं व्हायचं तर कासाडी स्वतःच नीळ कालवल्यासारखी दिसायला हवी होती.

पुढचा दुवा सगळ्यात साधा, आणि आम्हाला विचाराल तर सगळ्यात बोलका: आंघोळ. ठाण्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेत एका कुत्र्याला धुतलं, तर रंग बऱ्याच अंशी उतरला. तपासणीत कुत्र्याची तब्येतही ठीक निघाली.

रंग धुऊन गेला, यात काय एवढं? आता कोल्ह्याला बोलवा. नीळीचं जुन्या पद्धतीचं पिंप आतून निळं नसतंच. त्यात नीळ विरघळलेल्या रूपात असते आणि पाणी पिवळट-हिरवं दिसतं. कापड किंवा लोकर त्यात बुडवली की ते रूप धाग्याच्या आत शिरतं. बाहेर काढल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने त्याची पुन्हा न विरघळणारी निळी नीळ होते आणि ती आतच अडकते. केस आणि लोकर एकाच जातीच्या प्रथिनाचे, त्यामुळे खरोखर पिंपात पडलेला कोल्हा आंघोळीने पांढरा झाला नसता. गोष्टीतही बघा, त्याला उघडं पाडलं ते पाण्याने नाही, त्याच्या कोल्हेकुईने! लोकरीचे आजचे इतर रंगही असेच आत शिरवावे लागतात. बहुतेकांना आम्लाचं गरम पाणी आणि बराच वेळ लागतो. थंड नदीत दोन मिनिटं डुंबून ते होत नाही.

मग सहज धुतला जाणारा निळा रंग कसला? त्याचं उत्तर आपल्या आजीच्या मोरीत आहे. पांढऱ्या कपड्यांना घालायची ती जुनी भुकटीची नीळ पाण्यात विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगते आणि कापडावर नुसती बसते. नीट कालवली नाही तर डाग पडतात, आणि पुढच्या साबणाच्या धुण्यात निघून जाते. कुत्र्यावरचा रंग असाच वागत होता. तो वरवर बसलेला होता. म्हणजे भुकटी, आणि पाठीवर आहे म्हणजे वरून पडलेली. त्यात पावसाळ्यात कुत्र्याची केसाळ पाठ ओलसरच असते, तिच्यावर भुकटी पिठासारखी चिकटते.

मंडळाने पाहणी केली तेव्हा माग रंगाच्या एका कारखान्यापर्यंत गेला. तिथे रंग बाहेर पडायच्या दोन वाटा सापडल्या: एक सांडपाण्यातून, दुसरी भुकटीच्या रूपाने हवेतून. कुत्री अन्नाच्या शोधात आवारात शिरत होती आणि तिथली भुकटी त्यांच्या अंगावर बसत होती. त्याच महिन्यात कारखाना बंद करायला लावला.

रंग वाळवताना, दळताना आणि पोत्यांत भरताना धूळ उडतेच. ती ओढून घेणारे पंखे आणि कापडी पिशव्यांचे फिल्टर असतात. पिशवी फाटली किंवा झडप उघडी राहिली की ती धूळ अंगणात येते. कुत्र्यावर ती दिसली, कारण ते पांढरं होतं. त्याच आवारात काळं कुत्रं फिरत असेल तर त्याच्या अंगावरही तेवढीच बसली असणार, फक्त त्याचा फोटो कुणी काढला नसता. शिवाय कुत्रं स्वतःला चाटतं, म्हणजे अंगावरचं पोटातही जातं. आणि आठ तासांची पाळी करणारा कामगार तीच हवा श्वासात घेतो. त्याच्या फुप्फुसांना ठाण्यासारखी आंघोळ घालता येत नाही.

२०२१ मध्ये रशियातल्या झेर्झिन्स्क शहराजवळही निळी कुत्री दिसली, एका बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याच्या परिसरात. तिथेही संशय गेला तो आवारात उरलेल्या रसायनांवर.

आता कासाडीचं काय? निळा रंग तिच्यामुळे नव्हता, म्हणून ती सुटली असं नाही. ८० चा आकडा तसाच उभा होता. एक कारखाना बंद झाल्याने कुत्र्यांचा रंग थांबतो. बीओडी थांबत नाही, कारण तो अनेकांच्या सांडपाण्याचा असतो आणि सामायिक शुद्धीकरण केंद्रावर अवलंबून असतो. तो लढा मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादात नेला. तिथे पुरावा म्हणून नुसता फोटो पुरत नाही. पाण्याचे नमुने लागतात, तारीख, वेळ आणि भरती-ओहोटीच्या नोंदीसह. खाडीला मिळणाऱ्या नदीत भरतीच्या वेळी घेतलेली बाटली आणि ओहोटीच्या वेळी घेतलेली बाटली दोन वेगळ्या नद्यांची वाटते.