बारवेला आतून प्लास्टर करायच्या आधी एवढं वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात गावाच्या ग्रुपवर बारवेच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक आलं. गाळ काढणे, पायऱ्या बसवणे, कठडा बांधणे, इथपर्यंत सगळं ठीक. पुढे मात्र दोन ओळी होत्या: 'आतील दगडी भिंतींच्या सांध्यात सिमेंट भरून प्लास्टर करणे' आणि 'तळाला काँक्रीट करणे'. खाली पन्नास-साठ अंगठे. एकानं लिहिलं, "आता एक थेंब पण गळणार नाही." हे वाक्य वाचून मी ही पोस्ट लिहायला बसलो. कारण खरं आहे ते! एक थेंबही गळणार नाही. बाहेर नाही आणि आतही नाही.

आपली सगळी गडबड एका गोष्टीत आहे. आपण बारवेला टाकी समजतो. जुन्या लोकांच्या डोक्यात टाकं आणि बारव या दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही आपल्याच जिल्ह्यात बघायला मिळतात.

टाकं बघायचं तर अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर जा. तिथे अखंड कातळ खोदून केलेली टाकी आहेत. डोंगरावर पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो, पण चार महिन्यांत पडून वाहून जातो. गडावर खालून वर येणारं पाणी मोजकंच. म्हणून पावसाचं आणि कातळातून पाझरणारं पाणी धरून ठेवायला भांडं लागतं, आणि भांडं गळून चालत नाही. त्यासाठी न फुटलेला, एकजीव कातळ निवडायचा. कडेला चर खोदून डोंगरउतारावरचं पाणी आत वळवायचं. बरीच टाकी डोंगराच्या पोटात, छत ठेवून खोदलेली असतात, म्हणजे ऊनही लागत नाही आणि पालापाचोळाही पडत नाही. टाक्याची सगळी हुशारी न गळण्यात आहे.

आपल्या पारनेर, नगर, श्रीगोंदा पट्ट्याचं गणित उलटं आहे. इथे वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. नुसत्या भांड्यात धरून ठेवायला आकाशातून पुरेसं पडतच नाही. पण जे पडतं त्यातलं काही जमिनीत मुरतं. विहीर खोदलेल्यांना थर पाठ असतात: वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला मांजऱ्या किंवा फुटका कातळ, आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुरमात आणि फुटक्या कातळात साठतं, घट्ट पाषाणावर अडतं आणि उताराच्या दिशेनं हळूहळू सरकतं. अगदी हळू, ओढ्याच्या पाण्यासारखं नाही. बारव म्हणजे या सरकत्या पाण्याला पाडलेली खिडकी. तिचं पाणी तिच्या भिंतीत, भिंतीमागच्या शिवारात असतं. आत दिसतं ते फक्त त्याचं तोंड.

म्हणून जुनी बारव बहुतेक वेळा ओढ्याजवळ, गावाच्या सखल अंगाला किंवा देवळाच्या खालच्या बाजूला सापडते. आणि म्हणूनच तिच्या दगडांच्या सांध्यात बहुधा चुना नसतो. घडीव दगड एकमेकांवर नुसते बसवलेले असतात, मागे दगडगोट्यांची भर आणि तिच्यामागे मुरूम. पाणी मुरमातून गाळून भरीत येतं आणि सांध्यातून आत झिरपतं. लोक म्हणतात, "बघा, चुन्याशिवाय बांधलंय, काय कमाल!" कमाल आहेच, पण ती गरज आहे. ते सांधे हेच बारवेचे झरे.

आता हे सांधे बुजवले तर काय होईल? उन्हाळ्यात काही दिसणार नाही. भर पावसात शिवारातली पाण्याची पातळी वर येते. पूर्वी ती वाढली की बारवेतलं पाणीही बरोबरच वाढायचं, भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखा भार. प्लास्टरनंतर मागे पाणी तुंबेल आणि पुढे रिकामं राहील. मागे दहा फूट पाणी उभं राहिलं की भिंतीच्या पायाशी प्रत्येक चौरस फुटावर सुमारे २८० किलोचा रेटा येतो. शेकडो वर्षं उभी असलेली भिंत मग मध्येच पोट काढते. आधी प्लास्टरला आडव्या भेगा पडतात, भेगांतून पांढरे ओघळ येतात, मग दगड पुढे सरकतात. कुठे दुरुस्त केलेली बारव दिसली तर हे ओघळ शोधा.

तळाचं तेच. काँक्रीट ओतलं की खालून येणारा झरा मेला. आणि जेसीबीनं 'अजून खोल' करायचा हट्टही वाईट. एक तर पायाखालचा आधार जातो. शिवाय जुन्यांनी जिथे थांबवलं तिथे सहसा कारण असतं, घट्ट पाषाण लागलेला असतो. त्याच्या आत शिरून पाणी वाढत नाही.

पायऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्या फक्त उतरायला आहेत असं आपण धरून चालतो. हिशोब सोपा जावा म्हणून अशी बारव धरू: वर तोंड ३० फूट बाय ३० फूट, चारही बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, तळ १० बाय १०, खोली २० फूट. आपल्या बारवेची मापं साधारण याच घरातली आहेत. ही काठोकाठ भरली तर जवळपास २ लाख ४५ हजार लिटर पाणी. त्यातलं वरच्या दहा फुटांत १ लाख ७९ हजार, आणि खालच्या दहा फुटांत फक्त ६६ हजार.

म्हणजे पाऊसकाळात पाणी भरपूर असताना रुंद पोट भरतं, आणि पातळी उतरत जाते तसं पाण्याचं उघडं तोंड आवळत जातं. भरलेली असताना ९०० चौरस फूट, अर्धी असताना ४००, तळाला १००. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची रोज आठ-दहा मिलिमीटर वाफ होऊ शकते. ९०० चौरस फुटांवर आठ मिलिमीटरनं रोजचे साडेसहाशे लिटरहून जास्त, ४०० वर तीनशेच्या आत. चैत्र-वैशाखात, जेव्हा थेंब मोलाचा असतो, तेव्हा पाणी अरुंद, खोल, सावलीच्या जागी पोचलेलं असतं. शिवाय तिथे वारा उतरत नाही, त्यामुळे वाफ हिशोबापेक्षाही कमी. सरळ उभ्या चौकोनी टाकीत हा फायदा नाही, तिचं तोंड शेवटच्या इंचापर्यंत तेवढंच राहतं.

दुसरं म्हणजे पाणी कुठेही असो, हात पोचतो. दोर लांब करावा लागत नाही. आणि पायरी ही मोजपट्टीही आहे. अमुक पायरी उघडी पडली की पाणी जपून वापरायचं, हे सांगायला कोणाला बोलवायला नको. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाजवळची पुष्करणी किंवा हरिश्चंद्रगडावरची सप्ततीर्थ पुष्करणी पाहिलीत तर भिंतीत देवकोष्ठं दिसतील. ती पूजेसाठीच, पण पाणी देवाच्या पायाशी आहे की खाली गेलंय हे रोज येणाऱ्याला दिसत असणारच. हा माझा अंदाज, शिल्पशास्त्राचं वचन नाही. शास्त्रात वाटांवरून नावं आहेत: एक वाट असेल तर नंदा, दोन भद्रा, तीन जया, चार विजया.

आता थंडाव्याबद्दल. "बारवेतलं पाणी फ्रीजसारखं" असं आपण म्हणतो. जमिनीखाली पंधरा-वीस फुटांवर उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही. तिथलं तापमान वर्षभर त्या गावाच्या वार्षिक सरासरीजवळ असतं, आपल्याकडे पंचवीस अंशांच्या आसपास. मे महिन्यात बाहेर चाळीस असताना पंचवीसचं पाणी गारच लागणार. खात्री करायची असेल तर पौषात पहाटे जा. तेच पाणी कोमट लागतं, वर वाफ दिसते. पाणी तिथेच आहे, बदललो आपण.

त्यात दोन गोष्टींची भर पडते. गार हवा जड, ती रात्री पायऱ्यांवरून खाली उतरून बसते आणि दिवसा सहज वर येत नाही. आणि जी थोडी वाफ होते ती उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते: एक लिटर पाण्याची वाफ झाली तर साधारण ५८० लिटर पाणी एका अंशानं गार होईल एवढी. माठाचं तत्त्व तेच. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उतरलेल्यांनी दात वाजल्याचं सांगितलं असेल. तिथे गुहेची सावली आणि उंची दोन्ही आहेत. गडाचं तारामती शिखर १४२४ मीटर, नगर शहर साडेसहाशेच्या आसपास. एवढ्या उंचीच्या फरकानं हवाच चार-पाच अंशांनी थंड असते.

आता दुसरी बाजू, कारण ग्रुपवर "पूर्वजांना सगळं कळत होतं" हेही येऊन गेलंय. एक गोष्ट कळत नव्हती: नारू. रोग्याचा पाय पाण्यात बुडला की नारूची पिल्लं पाण्यात सुटायची, बारीक जलपिसवांच्या पोटात जायची आणि तेच पाणी प्यायलेल्याला वर्षभरानं नारू व्हायचा. ज्या पायऱ्यांचं मी इतकं कौतुक केलं त्याच पायऱ्या या रोगाची वाट होत्या. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. १९८० च्या दशकात निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हा पायऱ्यांच्या विहिरी बुजवणं किंवा त्यांना कठडा बांधून वरून पाणी शेंदायची सोय करणं हा तिचा मोठा भाग होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. अनेक बारवा ओसाड पडल्या त्यात आळस होता तसं हे शहाणपणही होतं. तेव्हा बारवेचं पाणी थेट प्यायचं, असं माझं म्हणणं अजिबात नाही. जनावरं, झाडं, वापराचं पाणी, आणि आजूबाजूच्या शिवाराची पातळी दाखवणारा आरसा, एवढं काम तिला पुरे.

आणि खिडकीतून काही दिसायचं तर पलीकडे पाणी हवं. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर पसरत गेले. घट्ट पाषाण भेदून तीनशे, चारशे फुटांवर गेलेला बोअर वरच्या फुटक्या कातळातलं पाणीही खाली ओढू शकतो. बारवेशेजारी असे चार बोअर असतील तर लाखभर खर्चून पायऱ्या बसवल्या तरी मार्गशीर्षातच तळ दिसेल.

आपल्या बारवेत अजून जीव आहे का, हे सिमेंट आणायच्या आधी तपासता येतं. मागच्या चैत्रात गाळ काढल्यावर आम्ही चार-पाच जणांनी संध्याकाळी पंप लावून पाणी उतरवलं, पायरीवर खडूनं रेघ मारली आणि घरी गेलो. रात्री पाऊस नव्हता. सकाळी पाणी रेघेच्या दोन पायऱ्या वर होतं आणि पूर्वेच्या भिंतीला, खालून तिसऱ्या थराच्या सांध्यांतून, बारीक धार चालू होती. त्या धारेचा व्हिडिओ फोनमध्ये आहे. अंदाजपत्रकातली प्लास्टरची सुरुवात नेमकी त्याच भिंतीपासून आहे.

शुक्रवारी ग्रामसभेत मी व्हिडिओ दाखवणार आहे. पायऱ्या, कठडा, गाळ याला माझा पाठिंबा आहे. प्लास्टर आणि तळाचं काँक्रीट या दोन ओळी खोडून तो पैसा वरच्या अंगाच्या ओढ्यातला गाळ काढायला आणि बांध नीट करायला वापरा, एवढीच सूचना. ज्यांना शंका आहे त्यांनी गुरुवारी संध्याकाळी सहाला बारवेवर या. पंप मी आणतो, खडू तुम्ही आणा.