क्रेनसाठी मोटर कशी निवडायची: ड्युटी सायकल, तासाला स्टार्ट्स आणि उष्णतेचा हिशेब

पंपाची किंवा पंख्याची मोटर निवडताना किती किलोवॅट लागतात हे काढलं की बरंचसं काम होतं. क्रेनचं तसं नाही. क्रेनची मोटर सलग कधीच चालत नाही. चालते, थांबते, पुन्हा चालते, उलटी फिरते. दर वेळी सुरू होताना ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि त्या दोन-तीन सेकंदांत बरीच उष्णता तयार होते. त्यामुळे इथे मोजायचं ते हे: तासाभरात मोटरमध्ये एकूण किती उष्णता जमा होते, आणि तेवढ्याच वेळात ती किती बाहेर टाकू शकते?

हा हिशेब एका उदाहरणातून बघूया. फॅब्रिकेशन शॉपमधली १० टनांची ईओटी क्रेन घेऊ, आणि तिची लाँग ट्रॅव्हल, म्हणजे शेडच्या लांबीच्या दिशेने अख्खी क्रेन पळवणारी हालचाल. लोकांचं लक्ष सहसा हॉइस्टकडे, म्हणजे वजन उचलणाऱ्या मोटरकडे असतं. पण स्टार्टच्या उष्णतेचा खरा त्रास लाँग ट्रॅव्हलला होतो, कारण तिथे भारासोबत क्रेनचं सगळं लोखंडही वेगात आणावं लागतं.

आधी नेहमीचा हिशेब

क्रेनचं स्वतःचं वजन १४ टन आणि भार १० टन, एकूण २४ टन. वेग मिनिटाला ४० मीटर, म्हणजे सेकंदाला ०.६७ मीटर. रुळावरचं घर्षण वजनाच्या १ टक्का धरलं तर साधारण २,३५० न्यूटन बल लागतं. गिअरबॉक्सची कार्यक्षमता ८५ टक्के धरली की एका वेगाने चालताना १.८५ किलोवॅट लागतात. दोन बाजूंना दोन मोटरी, म्हणजे प्रत्येकीवर ०.९२ किलोवॅट. कॅटलॉग उघडला की बोट १.१ किलोवॅटवर जातं. काम झालं असं वाटतं, पण हिशेब खरं तर इथून सुरू होतो.

काम नेमकं कसं चालतं?

उचलणं, नेणं, ठेवणं आणि रिकामं परत येणं हे एक चक्र ४ मिनिटांचं, म्हणजे तासाला १५ चक्रं. एका चक्रात लाँग ट्रॅव्हलच्या दोन मोठ्या फेऱ्या होतात, एक भरलेली आणि एक रिकामी. प्रत्येक फेरी ४२ सेकंदांची. त्याशिवाय भार जागेवर आणताना ऑपरेटर पेंडंटचं बटण दाबून-सोडून क्रेन थोडी-थोडी सरकवतो. याला इंचिंग म्हणतात. भरलेल्या टोकाला तीन आणि रिकाम्या टोकाला तीन, प्रत्येक सुमारे २ सेकंदांचं, असं धरू.

मोटर चालू असण्याचा वेळ झाला ८४ अधिक १२, म्हणजे २४० पैकी ९६ सेकंद. हीच ४० टक्के ड्युटी सायकल. चक्राला ८ स्टार्ट्स, म्हणजे तासाला १२०.

आयईसी ६००३४-१ या मानकात कामाच्या पद्धतींना एस-१ पासून एस-१० पर्यंत नावं आहेत. एस-१ म्हणजे सलग चालणं. एस-३ म्हणजे थांबत-थांबत चालणं, पण त्यात स्टार्टची उष्णता नगण्य धरलेली असते. एस-४ मध्ये ती मोजली जाते आणि एस-५ मध्ये विजेने ब्रेक लावण्याची उष्णताही धरतात. गफलत बहुतेक वेळा इथेच होते. कोटेशनवर ‘एस-३, ४० टक्के’ वाचून ड्युटी सायकल जुळली म्हणून मोटर घेतली जाते. त्या आकड्यात आपल्या १२० स्टार्ट्सना जागाच नसते.

एका स्टार्टची उष्णता

साधी स्क्विरल केज मोटर थेट लाइनवर सुरू केली तर एक नियम लागू होतो: जेवढी गतिज ऊर्जा यंत्राला मिळते, साधारण तेवढीच उष्णता रोटरमध्ये तयार होते. मोटर लहान घ्या की मोठी, ही किंमत टळत नाही. त्यावर घर्षणाचा वाटा येतो. वेग घेताना मोटरला घर्षणाशीही झगडावं लागलं तर वेळ वाढतो आणि उष्णताही वाढते. स्टेटरमध्ये रोटरइतकीच उष्णता होते असं मी ढोबळमानाने धरलं आहे. कोडमध्ये हे असं दिसेल:

```python
w = 104.7
def start(J, Tm, Tl, s=0):
    return 2 * 0.5*J*w**2 * Tm/(Tm-Tl) * (1 - s**2)

print(start(0.555, 45, 9.3))
print(start(0.555, 45, 9.3, s=0.5))
```

इथे `w` हा सहा पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग आहे, मिनिटाला १००० फेरे. `J` म्हणजे मोटरच्या शाफ्टवर जाणवणारं एकूण जडत्व. क्रेन आणि भाराचं जडत्व गिअरबॉक्समधून एका मोटरवर ०.५४ येतं आणि मोटरचं स्वतःचं सुमारे ०.०१५, दोन्ही किलोग्रॅम-मीटर वर्गात. म्हणजे मोटर स्वतःच्या छत्तीसपट जडत्व ओढते आहे. `Tm` हा २.२ किलोवॅट मोटरचा सुरुवातीचा सरासरी टॉर्क (पूर्ण भाराच्या दुप्पट धरला आहे) आणि `Tl` हा घर्षणाचा टॉर्क, दोन्ही न्यूटन-मीटरमध्ये. `s` म्हणजे स्टार्ट संपताना उरलेली स्लिप, पूर्ण वेगाला जवळपास शून्य.

पहिली ओळ सुमारे ७,६७० ज्यूल देते आणि दुसरी ५,७५०. दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. ते इंचिंग आहे: ऑपरेटरने अर्ध्या वेगालाच बटण सोडलं. तरी पूर्ण स्टार्टच्या तीन चतुर्थांश उष्णता मोटरमध्ये गेलीच. उष्णता स्लिपच्या वर्गावर चालते आणि सर्वांत मोठी स्लिप अगदी सुरुवातीला असते. त्यामुळे ‘जरासंच तर सरकवलं’ हे मोटरच्या दृष्टीने फारसं जरासं नसतं. क्रेन पुढे जात असताना एकदम उलटं बटण दाबलं तर नुसतं थांबण्यातच रोटरला स्टार्टच्या तिप्पट उष्णता मिळते. मग उलट दिशेचा स्टार्ट वेगळा.

रिकाम्या क्रेनचा पूर्ण स्टार्ट सुमारे ४,१०० ज्यूलचा येतो. सगळे आठ स्टार्ट्स मिळवले तर चक्राला ३८,००० ज्यूलच्या आसपास होतात. २४० सेकंदांवर पसरले की सरासरी १५९ वॅट. यातले निम्म्याहून जास्त इंचिंगचे आहेत, जे ड्युटी सायकलच्या ९६ सेकंदांत फक्त १२ सेकंद दिसत होतं!

मोटर किती उष्णता टाकू शकते?

२.२ किलोवॅटच्या मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर पूर्ण भारावर ती ५५० वॅट उष्णता बाहेर टाकते, तीही सलग. पण तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे. मोटर थांबली की पंखाही थांबतो आणि थंड होण्याची क्षमता घटते. थांबलेली असताना ती ४० टक्के उरते असं धरलं, तर आपल्या ४०-६० च्या चक्रात सरासरी क्षमता ५५० च्या ०.६४ पट होते, म्हणजे ३५२ वॅट. हा ०.४ चा आकडा बॉडीच्या रचनेनुसार बदलतो, तो उत्पादकाकडूनच घ्यावा.

आता जमाखर्च. स्टार्ट्सचे १५९ वॅट आणि दोन फेऱ्या चालवण्याचे सरासरी १०५ वॅट, मिळून २६४. क्षमता ३५२. ही मोटर चालेल.

कॅटलॉगमधून पहिल्यांदा निवडलेल्या १.१ किलोवॅटचं काय? तिचा टॉर्क कमी, म्हणून वेग घ्यायला वेळ जास्त लागतो आणि घर्षणाचा वाटा वाढतो. स्टार्ट्सची उष्णता २०६ वॅट, चालण्याची ९३, एकूण २९९. क्षमता मात्र २३५ वॅट. जळणार. आणि लगेच नाही, दोन-तीन तास सलग काम झालं की, बहुधा उन्हाळ्यात.

मधली १.५ किलोवॅट जास्त मजेशीर आहे. तिला २७६ वॅट मिळतात आणि ती ३०१ टाकू शकते. कागदावर पास. पण हे आकडे ४० अंश सेल्सिअस हवेसाठी आहेत. मोटरला एफ क्लासचं इन्सुलेशन आहे, म्हणजे १५५ अंश सोसणारं, आणि तापमानवाढ बी क्लासच्या ८० अंशांवर रोखली आहे, असं समजू. पत्र्याच्या छताखाली गर्डरच्या उंचीवर मे महिन्यात ५० अंश असतील तर वाढीसाठी ८० ऐवजी ७० अंशच उरतात. क्षमता त्याच प्रमाणात घटून २६३ वॅट होते. मिळतात २७६. पास झालेली मोटर नापास! २.२ किलोवॅट तेव्हाही ३०८ वर टिकते. खरं तर बी आणि एफ यांच्यातलं अंतर १.५ ला काही काळ वाचवेल, पण ते अंतर इन्सुलेशनच्या आयुष्यासाठी ठेवलेलं असतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की हे आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे.

मग सरळ ५.५ किलोवॅट का लावू नये? कारण थेट लाइनवर मोठी मोटर क्रेनला हिसका देते. भार झोका घेतो, तो शांत करायला ऑपरेटर आणखी इंचिंग करतो आणि स्टार्ट्स वाढतात.

व्हीएफडी असेल तर

व्हीएफडी फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवतो, त्यामुळे स्लिप कायम लहान राहते आणि वरचा स्टार्टचा हिशेब जवळपास गळून पडतो. जुन्या क्रेनवर स्लिप रिंग मोटरी याच उष्णतेसाठी असायच्या: रोटरची उष्णता बाहेरच्या रेझिस्टन्स बॉक्समध्ये जायची. व्हीएफडीवर प्रश्न दुसरीकडे सरकतो. ऑपरेटर बराच वेळ १० हर्ट्झवर रेंगाळत असेल तर शाफ्टवरचा पंखा जवळजवळ काहीच हवा देत नाही. तिथे वेगळ्या मोटरवर चालणारा पंखा मागावा आणि निवड चक्रातल्या करंटच्या आरएमएस मूल्यावर करावी. व्हीएफडीमध्ये करंट आणि रन-कमांडचा लॉग मिळतो, तर एका शिफ्टचा लॉग काढून स्टार्ट्स मोजाच. ऑपरेटर सांगतो त्यापेक्षा आकडा बहुतेक वेळा जास्त निघतो.

चुकीची निवड कशी ओळखायची?

नेहमीचा बायमेटल ओव्हरलोड रिले इथे फारसा भरवशाचा नाही. त्याचं तापणं-निवणं मोटरच्या गतीने होत नाही. इंचिंग करताना तो विनाकारण ट्रिप होतो, मग कोणीतरी सेटिंग वाढवून ठेवतं आणि संरक्षण संपतं. क्रेनच्या मोटरमध्ये वाइंडिंगमध्येच बसवलेले पीटीसी थर्मिस्टर मागावेत. तेसुद्धा स्टेटरचं तापमान सांगतात, रोटरचं नाही.

जळालेली मोटर उघडल्यावर तिन्ही फेजची वाइंडिंग सारखीच काळवंडलेली असेल तर कारण एकूण उष्णता, म्हणजे जास्त भार किंवा जास्त स्टार्ट्स. एक किंवा दोनच फेज काळ्या असतील तर आधी सिंगल फेजिंग तपासा, उदाहरणार्थ कलेक्टरचा सैल झालेला कॉन्टॅक्ट. त्या वेळी मोठी मोटर लावून उपयोग नाही.

चौकशी पाठवताना फक्त ‘क्रेन ड्युटी, २.२ किलोवॅट’ असं लिहू नका. आपल्या उदाहरणासाठी ओळ अशी होईल: एस-४, ४० टक्के, तासाला १५० स्टार्ट्स, बाहेरचं जडत्व ०.५४ किलोग्रॅम-मीटर वर्ग, हवा ५० अंश, इन्सुलेशन एफ, तापमानवाढ ७० अंशांपर्यंत. १२० ऐवजी १५० लिहिलं, कारण क्रेन मोटरींच्या कॅटलॉगमध्ये सहसा १५०, ३०० आणि ६०० असेच रकाने असतात. जडत्वाचा आकडा मात्र गाळू नका. तो नसेल तर त्या १५० स्टार्ट्सना काही अर्थच उरत नाही.