जे दिसत नव्हतं, ते आत आलेलंच होतं

गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडलेल्या पेशी पाण्याच्या थेंबात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर जवळजवळ काहीच दिसत नाही. पाण्यात पाण्याचाच एक फुगा असावा, तशी पुसट कड तेवढी जाणवते. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत आपल्याला मेथिलीन ब्लूचा थेंब टाकायला सांगतात. रंग शोषला गेला की केंद्रक ठळक होतं. बऱ्याच रंगक्रियांमध्ये आधी पेशी रसायनाने 'स्थिर' करतात, म्हणजे मारतातच. एकोणिसाव्या शतकातलं पेशीशास्त्र बरंचसं अशा रंगवलेल्या प्रेतांवर उभं राहिलं. पेशीचं विभाजन होतं हे कळलं, पण त्याचे टप्पे वेगवेगळ्या मेलेल्या पेशी ओळीने लावून जुळवावे लागले.

पारदर्शक पेशी दिसत नाही याचं कारण उघड वाटतं. ती प्रकाश अडवत नाही, मग दिसणार काय? हे उत्तर अर्धंच खरं आहे. पेशीबद्दलची सगळी माहिती भिंगातून आत येते आणि नेत्रिकेपर्यंत पोचतेही. फक्त ती अशा रूपात पोचते की डोळ्याला तिचा पत्ता लागत नाही. हे समजायला १८७३ पासून १९३० च्या दशकापर्यंतचा काळ जावा लागला. गंमत म्हणजे अर्धं कोडं ज्या कारखान्यात सुटलं होतं, तिथल्या लोकांना उरलेलं अर्धं दाखवल्यावरही पटलं नाही.

तो कारखाना येना शहरातला कार्ल झाइसचा. तिथे भिंगं कारागिरांच्या हातगुणावर बनत. घासायची, जोडून बघायची, जमलं नाही तर बदलायची. १८६६ मध्ये झाइसने येना विद्यापीठातल्या एर्न्स्ट आबे या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं आणि भिंगं गणिताने बनवता येतील का, असं विचारलं. आबेने हिशेब मांडला. भिंगाच्या कडेने येणारे तिरके किरण प्रतिमा बिघडवतात, म्हणून त्याने तोंड लहान ठेवून, दोष कमी केलेली भिंगं करून पाहिली. त्यांच्यात बारीक तपशील जुन्या, अंदाजाने बनवलेल्या रुंद तोंडाच्या भिंगांपेक्षाही कमी दिसला. ज्या तिरक्या किरणांना तो दोषी धरत होता, तेच काहीतरी महत्त्वाचं घेऊन येत होते.

काय घेऊन येत होते, हे पाहायला एक उदाहरण घेऊ. काचेवर एकेका मायक्रॉनच्या अंतराने समांतर रेघा मारल्या आहेत आणि खालून हिरवा प्रकाश सरळ वर येतो आहे. त्याची तरंगलांबी साधारण ०.५५ मायक्रॉन. रेघांच्या जाळीतून जाताना प्रकाशाचे फाटे फुटतात. एक सरळ पुढे जातो, तो शून्य क्रमांक. त्याच्या दोन्ही बाजूंना ३३ अंशांवर एकेक फाटा निघतो, तो पहिला क्रमांक. रेघा जितक्या दाट, तितके फाटे जास्त तिरके. आता वरच्या भिंगाचं तोंड प्रत्येक बाजूला फक्त १४-१५ अंशांपर्यंतचे किरण घेऊ शकत असेल, तर त्यात फक्त शून्य क्रमांक शिरेल. मग भिंग कितीही निर्दोष असो, रेघांच्या जागी सपाट उजेड दिसेल. तोंड ४० अंशांपर्यंत रुंद केलं की बाजूचे दोन फाटेही आत येतात आणि रेघा उमटतात.

आबेच्या १८७३ च्या निबंधाचं सार हेच आहे. प्रतिमा दोन पायऱ्यांत बनते. नमुना आधी प्रकाशाचे फाटे पाडतो आणि ते वस्तुभिंगाच्या मागच्या नाभी-प्रतलात वेगवेगळ्या ठिपक्यांच्या रूपाने गोळा होतात. तिथून पुढे ते पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि त्या मिसळण्यातून चित्र तयार होतं. नेत्रिका काढून नळीत डोकावलं तर हे ठिपके खरोखर दिसतात. आबेने तिथे पट्ट्या घालून काही ठिपके झाकले. एक सोडून एक ठिपका झाकला, तर चित्रात दुप्पट रेघा दिसू लागल्या, ज्या नमुन्यात नव्हत्याच! भिंग नमुन्याची नक्कल करत नाही, हातात आलेल्या फाट्यांवरून तो पुन्हा रचतं. इंजिनिअरिंगला ज्यांनी फूरिए रूपांतर पाठ करून परीक्षा दिली, त्यांना ते पितळी नळीत डोळ्यांनी बघता येतं हे सहसा कोणी सांगत नाही.

इथपर्यंत विचार होता कोणते फाटे आत येतात आणि ते किती तेजस्वी आहेत याचा. ते एकमेकांच्या तुलनेत किती पुढे-मागे आहेत, हा प्रश्न कोपऱ्यात पडून राहिला. लाटेच्या या पुढे-मागे असण्याला मराठीत कला म्हणतात. चंद्राच्या कलांमुळे गोंधळ नको, म्हणून इथे फेज म्हणतो.

हा प्रश्न उचलला नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगेनच्या फ्रिट्स झेर्निकेने, आणि त्याचा तेव्हा सूक्ष्मदर्शकाशी संबंध नव्हता. १९३० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेत वर्णपटासाठी एक मोठी अंतर्वक्र जाळी आली होती. अशा जाळीच्या रेघा स्क्रूच्या यंत्राने कोरतात आणि स्क्रूमध्ये किंचित आवर्ती चूक असली की प्रत्येक खऱ्या वर्णरेषेच्या दोन्ही बाजूंना फिकट खोट्या रेषा उमटतात. त्यांना भुतं म्हणतात. ही भुतं टाकणारी जाळी दुरून पाहिली की तिच्या पृष्ठावर पट्टे दिसतात. जाळी सहा मीटर दूर होती, म्हणून झेर्निकेने तिच्याकडे एक छोटी दुर्बीण रोखली. पट्टे स्वच्छ दिसले. पण दुर्बीण जाळीच्या पृष्ठावर अचूक फोकस केली की ते नाहीसे होत!

फोकस अचूक झाल्यावर वस्तू जास्त स्पष्ट दिसावी की गायब व्हावी? झेर्निकेने हिशेब करून उत्तर काढलं. मुख्य रेषेच्या तुलनेत भुतांची फेज पाव लाटेने सरकलेली होती. फोकस बिघडला की तिरक्या फाट्यांचा प्रवास सरळ फाट्यापेक्षा वेगळ्या प्रमाणात बदलतो, ही पाव लाट विस्कटते आणि पट्टे उमटतात. मग फोकस न बिघडवता, फक्त मुख्य प्रकाशालाच पाव लाट सरकवलं तर? त्याने काचेच्या पट्टीवर अर्ध्या तरंगलांबीइतकी खोल, अरुंद खाच केली. काचेचा अपवर्तनांक सुमारे दीड, म्हणून तेवढी काच कमी झाल्याने प्रकाश पाव लाट पुढे जातो. मुख्य रेषा त्या खाचेतून नेली आणि पट्टे अचूक फोकसमध्ये दिसले.

पारदर्शक पेशी हे याच भुतांचं दुसरं रूप आहे. आकडे घालून बघू. पेशीची पातळ कड एक मायक्रॉन जाडीची आहे आणि तिचा अपवर्तनांक भोवतालच्या द्रवापेक्षा ०.०२ ने जास्त आहे. तिच्यातून जाणारा प्रकाश २० नॅनोमीटर मागे रेंगाळतो. ५०० नॅनोमीटरच्या लाटेत हा पंचविसावा भाग, म्हणजे १४ अंश. घड्याळाचा एक लांबी असलेला काटा १४ अंश वळला असं समजा. त्याची लांबी तीच राहिली, आणि डोळ्याला फक्त लांबी कळते. म्हणून पेशी दिसत नाही. पण जुन्या आणि नव्या काट्यांची टोकं जोडणारा छोटा बाण काढा. त्याची लांबी सुमारे ०.२५ भरते आणि तो मूळ काट्याला जवळजवळ काटकोनात असतो. हा छोटा बाण म्हणजे पेशीने बाजूला फेकलेला प्रकाश, आबेचे तिरके फाटे. प्रकाश शोषणाऱ्या रंगवलेल्या पेशीत हाच बाण मूळ काट्याच्या उलट दिशेला असतो आणि काटा आखूड करतो. दोघींत फरक आहे तो फक्त काटकोनाचा.

मग मूळ काटाच ९० अंश पुढे फिरवा. छोटा बाण आता त्याच्या बरोबर विरुद्ध येतो. १ मधून ०.२५ वजा जाऊन ०.७५ उरतात. तेजस्वीपणा लांबीच्या वर्गाइतका, म्हणजे ०.५६. जी कड काही दिसतच नव्हती, ती पार्श्वभूमीपेक्षा जवळजवळ निम्मी काळी होते, तीही रंगाचा एक थेंब न टाकता. आणि मूळ काटा वेगळा काढून फिरवायला जागा हवी, ती आबेने आधीच दाखवून ठेवली होती. मागच्या नाभी-प्रतलात शून्य क्रमांक एका जागी असतो आणि फाटे इतरत्र. प्रत्यक्ष उपकरणात खालच्या कंडेन्सरमध्ये वर्तुळाकार फट असते, आणि तिची प्रतिमा वस्तुभिंगातल्या काचेवरच्या कड्यावर बरोबर पडते. कडं फेज सरकवतं, शिवाय धातूच्या पातळ थराने मूळ प्रकाश मंदही करतं, म्हणजे दुबळा छोटा बाण त्याच्याशी बरोबरी करू शकतो.

(रेडिओवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. त्याच दशकात अमेरिकेत आर्मस्ट्राँगने एफएम प्रक्षेपण करताना वाहक लहरीला तिच्या बाजूपट्ट्यांपासून ९० अंश सरकवलं होतं. युक्ती एकच, प्रवास उलटा.)

१९३२ मध्ये झेर्निके हे सगळं घेऊन येनाला झाइसकडे गेला. स्वागत थंडच झालं. पुढे त्याने नोबेल व्याख्यानात सांगितलं की तिथल्या एका जुन्या तज्ज्ञाने, याचा काही उपयोग असता तर आम्हीच ते केव्हाच शोधलं असतं, अशा अर्थाचं उत्तर दिलं. मला हा माणूस निव्वळ गर्विष्ठ वाटत नाही. आबेच्या सिद्धांतात वाढलेल्या माणसाला जास्त तपशील म्हणजे जास्त रुंद तोंड, हे समीकरण पक्कं झालेलं. आणि पारदर्शक नमुना जरा फोकस बिघडवून किंवा खालची झडप मिटवून 'दिसतोच', हे प्रत्येक जीवशास्त्रज्ञाला हाताने माहीत होतं. झडप मिटवल्याने तपशील जातो, ही किंमत सगळ्यांनी स्वीकारली होती. झाइसमध्येच ऑगस्ट क्योलर आणि लूस यांनी नंतर हे काम हातात घेतलं, त्यांचा लेख १९४१ मध्ये आला आणि उपकरणं निघू लागली. युद्धकाळातच तिथल्या कुर्ट मिशेलने नाकतोड्याच्या शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशींचं विभाजन या पद्धतीने चित्रित केलं. त्यात गुणसूत्रं जिवंत पेशीत वेगळी होताना, सरकताना दिसतात. झेर्निकेला नोबेल मिळालं १९५३ मध्ये.

या पद्धतीच्या चित्रात मात्र सगळंच खरं नसतं. कड्याला रुंदी असते, म्हणून फार कमी तिरके गेलेले फाटेही त्यातूनच जातात आणि पार्श्वभूमी समजून फिरवले जातात. त्याची खूण म्हणजे पेशीभोवतीचं तेजोवलय. तिथे द्रवात काहीही नसतं. खालची फट आणि कडं एकमेकांवर बसले नसतील, तर मूळ प्रकाश कड्याबाहेरून निसटतो आणि पेशी पुन्हा फिकट होते. नेत्रिकेच्या जागी छोटी दुर्बीण लावून दोन्ही वर्तुळं पाहिली की चूक लगेच कळते.

याहून फसवी गोष्ट जाडीची आहे. वरचा वजाबाकीचा हिशेब १४ अंशांसाठी चालला. काटा ४५ अंश वळेपर्यंत पेशी काळी होत जाते, पण त्यानंतर ती पुन्हा उजळू लागते. कडं प्रकाश मंद करत नसेल, तर ९० अंशांना ती पार्श्वभूमीइतकीच तेजस्वी होते आणि त्यापुढे जास्तच. आपल्या ०.०२ च्या पेशीला त्यासाठी सव्वासहा मायक्रॉन जाडी पुरते. मंद करणाऱ्या कड्यात तर ही उलटापालट त्याआधीच होते. त्यामुळे काळा म्हणजे दाट, ही समजूत पातळ भागापुरतीच धरायची. संवर्धनाच्या बशीत तळाला चिकटून पसरलेल्या पेशी करड्या दिसतात, आणि विभाजनाआधी एखादी आक्रसून गोल झाली की ती चकाकू लागते. ते चकाकणं आतल्या एखाद्या नव्या पदार्थाचं नसतं. ती फक्त उंच झालेली असते.