कंपनी परिचयपत्रक

संभाव्य ग्राहकाच्या पहिल्या भेटीपूर्वी विक्री विभाग भरतो तो एकपानी तक्ता. नाव, पत्ता, उत्पादने हे रकाने कोणीही भरतो. कस लागतो तो आर्थिक रकान्यांत. भारतात त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदी पाहतात. तिथल्या २१ अक्षरी ओळख क्रमांकाची सुरुवात ‘एल’ने झाली तर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध, ‘यू’ने झाली तर नाही. त्याहून बोलका असतो तारण-बोजाचा तपशील. समजा, कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीला एअर कॉम्प्रेसर विकायचा आहे आणि तिने नुकताच यंत्रसामग्रीवर बँकेचा नवा बोजा नोंदवला आहे. मग विस्तार चालू असण्याचा संभव असतो आणि भेटीत पहिली चौकशी नव्या शेडला किती हवा लागेल याची होते. अर्थात कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेल्यानेही नवा बोजा दिसतो. त्याच सुमारास जुना बोजा फेडल्याची नोंद असेल तर हा उलगडा होतो.

उलाढालीचा आकडा बहुधा शिळाच मिळतो. मार्चअखेरचे हिशेब अनेकदा ऑक्टोबरच्या सुमारास दाखल होतात, म्हणून आकड्यापुढे आर्थिक वर्ष लिहितात. साध्या भागीदारीच्या आणि एकल मालकीच्या पेढ्या या नोंदींत सापडतच नाहीत. त्यांच्या पत्रकात हा रकाना कोरा राहतो आणि भेटीत विचारून भरला जातो.