बातम्यांच्या मथळ्यांवरून ट्रेडिंग सिग्नल कसा बनतो? आणि वेळ चुकली की ‘पेपर’ कसा फुटतो?

सोशल मीडियावर अशा पोस्ट अधूनमधून दिसतात : बातम्यांचे मथळे कॉम्प्युटरला वाचायला दिले, त्यावरून शेअर घेतले-विकले आणि जुन्या डेटावर भरघोस नफा दिसला. सोबत सरळ वर चढणारा आलेख असतो. असा आलेख नेहमीच खोटा नसतो, पण अनेकदा तो फुटलेल्या पेपरवर मिळालेल्या मार्कांसारखा असतो. ज्या क्षणी निर्णय घेतला असं दाखवलं जातं, त्या क्षणी ती बातमी अजून आलेलीच नसते. याला ‘लुक-अहेड बायस’ म्हणतात, म्हणजे भविष्यात डोकावून घेतलेला निर्णय. ही चूक बहुतेक वेळा गणितात नसते, ती वेळेच्या एका रकान्यात असते.

मथळ्याला गुण कसे मिळतात?

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक मथळ्याला एक आकडा देणं. साधारणपणे तो −१ ते +१ या दरम्यान असतो. −१ म्हणजे अगदी वाईट बातमी, +१ म्हणजे खूप चांगली आणि ० म्हणजे ना इकडची ना तिकडची. यालाच सेंटिमेंट स्कोअर म्हणतात.

सोपी पद्धत शब्दांच्या यादीची. यादीतले चांगले आणि वाईट शब्द मथळ्यात किती आले ते मोजायचं. पण रोजच्या भाषेतली यादी बाजारात चालत नाही. टिम लाऊरन आणि बिल मॅकडॉनल्ड या अमेरिकी अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवलं, की तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या हार्वर्ड यादीतले जवळपास तीन चतुर्थांश ‘नकारात्मक’ शब्द कंपन्यांच्या अहवालांत नकारात्मक नसतातच. कर, खर्च, देणी हे शब्द तिथे रोजचेच असतात. म्हणून आता आर्थिक मजकुरावर शिकवलेली फिनबर्टसारखी भाषा-मॉडेल वापरली जातात.

गुण मिळाले की ते दिवसागणिक एकत्र करून त्यांची सरासरी काढली जाते. प्रत्येक शेअरच्या प्रत्येक दिवसासमोर असा एक आकडा येतो. भावाचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला जी माहिती पुरवली जाते तिला ‘फीचर’ म्हणतात. हा आकडा म्हणजे तसंच एक फीचर. प्रश्न फक्त एवढाच, की कोणता मथळा कोणत्या दिवसासमोर लिहायचा?

एक खरं उदाहरण : फेब्रुवारी २०२३

२४ जानेवारी २०२३ रोजी हिंडेनबर्ग रिसर्च या अमेरिकी संस्थेने अदानी समूहावर आरोप करणारा अहवाल प्रसिद्ध केला. समूहाने ते आरोप फेटाळले. त्याच दिवसांत अदानी एंटरप्रायझेसची २०,००० कोटी रुपयांची समभागविक्री, म्हणजे एफपीओ सुरू होता. ३१ जानेवारीला तो पूर्ण भरला आणि त्या दिवशी शेअर सुमारे ३ टक्के वर बंद झाला. १ फेब्रुवारीला शेअर सुमारे २८ टक्के कोसळला. त्याच दिवशी बाजार बंद झाल्यावर, रात्री कंपनीने एफपीओ मागे घेत असल्याचं जाहीर केलं. २ फेब्रुवारीला शेअर आणखी सुमारे २६ टक्के पडला.

आता या घटनांवरचे तीन मथळे घेऊ. घटना आणि दिवस खरे आहेत, पण मथळ्यांचे शब्द, नेमक्या वेळा आणि गुण समजावण्यासाठी घेतले आहेत.

- ३१ जानेवारी, संध्याकाळी ६:४५ : ‘एफपीओ पूर्ण भरला’, गुण +०.७
- १ फेब्रुवारी, दुपारी २:०० : ‘शेअर कोसळला’, गुण −०.८
- १ फेब्रुवारी, रात्री १०:४५ : ‘एफपीओ मागे’, गुण −०.६

सोपा मार्ग म्हणजे बातमीची तारीख आणि भावाची तारीख जुळवणं. तसं केलं तर ३१ जानेवारीसमोर +०.७ येतात, आणि त्या दिवशी शेअर चढलेला आहे. १ फेब्रुवारीसमोर −०.८ आणि −०.६ यांची सरासरी, म्हणजे −०.७ येते, आणि त्या दिवशी शेअर २८ टक्के पडलेला आहे. दोनपैकी दोन अंदाज बरोबर. आलेख वर जातो.

पण पहिला मथळा बाजार बंद झाल्यावर तीन तासांनी आला. दुसरा मथळा शेअर पडला म्हणून लिहिला गेला, तो कारण नसून परिणाम आहे. तिसरा तर सगळं घडून गेल्यावर रात्रीचा. सकाळी बाजार उघडताना निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हातात यातलं काहीही नव्हतं.

बरोबर जुळणी कशी होते?

उपाय म्हणजे दिवसाची व्याख्या मध्यरात्रीवरून न करता निर्णयाच्या वेळेवरून करणं. एनएसईवर शेअरचे नियमित व्यवहार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० असतात. समजा, निर्णय ९ वाजता घ्यायचा ठरवला. मग ९ च्या आधी हातात आलेलाच मथळा आजच्या ओळीत बसेल. ९ किंवा त्यानंतरचा प्रत्येक मथळा पुढच्या कामकाजाच्या दिवसात जाईल.

याच नियमाने वरचे मथळे पुन्हा मांडू. ३१ जानेवारीच्या संध्याकाळचे +०.७ आता १ फेब्रुवारीसमोर येतात आणि शेअर २८ टक्के पडतो. अंदाज सपशेल चुकला. १ फेब्रुवारीचे दोन्ही मथळे २ फेब्रुवारीसमोर येतात, सरासरी −०.७, आणि शेअर पडतो. अंदाजाची दिशा बरोबर. मघाशी दोनपैकी दोन होते, आता दोनपैकी एक. मथळे तेच, गुण तेच, फक्त ओळ बदलली. दोन दिवसांवरून फीचर चांगलं की वाईट हे ठरत नाही, पण जुळणीच्या चुकीने निकाल किती फुगतो ते दिसतं.

पायथॉनच्या पांडाज लायब्ररीत हीच जुळणी अशी लिहिता येते :

```python
ist = "Asia/Kolkata"
news["t"] = pd.to_datetime(
    news["first_seen"], utc=True).dt.tz_convert(ist)
days["cutoff"] = (pd.to_datetime(days["date"])
    + pd.Timedelta(hours=9)).dt.tz_localize(ist)
m = pd.merge_asof(
    news.sort_values("t"), days.sort_values("cutoff"),
    left_on="t", right_on="cutoff",
    direction="forward", allow_exact_matches=False)
feature = m.groupby("cutoff")["score"].mean()
```

इथे `direction="forward"` प्रत्येक मथळ्यासाठी त्याच्या पुढची पहिली निर्णयवेळ शोधतं. शेवटची अट ठीक ९:०० चा मथळा दुसऱ्या दिवसावर ढकलते, कारण त्याच क्षणी आलेली बातमी वाचून त्याच क्षणी निर्णय झाला असं मानणं म्हणजे स्वतःला सूट देणं. `days` मध्ये बाजाराच्या कामकाजाचेच दिवस असायला हवेत. मग २६ जानेवारीच्या सुट्टीतली बातमी आपोआप २७ जानेवारीला जाते आणि शनिवार-रविवारची सोमवारी.

नफाही त्याच घड्याळाने मोजायचा

मथळा बरोबर ओळीत बसला तरी दुसरी गफलत उरते. ‘२ फेब्रुवारीला २६ टक्के घसरण’ हा आकडा आदल्या दिवशीच्या बंद भावापासून मोजलेला आहे. सकाळी ९ ला निर्णय घेणाऱ्याला काल दुपारी साडेतीनचा भाव मिळत नाही. रात्रीच्या बातमीचा मोठा भाग उघडत्या भावातच उतरलेला असतो. म्हणून अशा फीचरचा नफा-तोटा उघडत्या भावापासून पुढे मोजायला हवा. अनेक चमकदार निकालांची हवा याच पायरीवर निघते.

वेळ नेमकी कोणती?

कोडमध्ये `first_seen` हा रकाना मुद्दाम घेतला आहे. एका बातमीला किमान तीन वेळा असतात : घटना घडली ती, बातमी प्रसिद्ध झाली ती आणि ती आपल्या संगणकावर पोहोचली ती. व्यवहारासाठी तिसरीच उपयोगाची. ती नोंदवलेली नसेल, तर प्रसिद्धीच्या वेळेत १५ मिनिटांसारखं ठरावीक अंतर मिळवून सावध राहता येतं.

दुसरा धोका टाइमझोनचा. बातम्यांच्या बऱ्याच डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीमध्ये असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. यूटीसीतली सकाळची ६:३० ही भारतात दुपारची १२ असते. हा रकाना भारतीय वेळ समजून वाचला, तर भर बाजारात आलेली बातमी बाजार उघडण्याआधीची ठरते.

तिसरा धोका सगळ्यात लपलेला. वेबसाइट मथळे नंतर बदलतात, पण प्रसिद्धीची वेळ जुनीच राहते. सकाळी ८:३० ला ‘निकालाकडे लक्ष’ असा असलेला मथळा दुपारी ‘निकालानंतर शेअर घसरला’ असा होतो. काही महिन्यांनी तो डेटा गोळा करणाऱ्याला ८:३० या वेळेसमोर दुपारचं उत्तर मिळतं. त्यामुळे मथळा पहिल्यांदा जसा दिसला तसाच साठवलेला असणं आवश्यक आहे.

पेपर फुटलाय हे ओळखायचं कसं?

एक चाचणी कापणीची आहे. एखाद्या जुन्या तारखेनंतरचा सगळा डेटा काढून टाका आणि फीचर पुन्हा मोजा. त्या तारखेपर्यंतचे आकडे तसूभरही बदलता कामा नयेत. बदलले तर कुठेतरी पुढची माहिती मागे झिरपते आहे. बहुतेकदा दोष गुण ‘सारखे’ करण्यात असतो : पाच वर्षांची सरासरी काढून ती पहिल्या वर्षाच्या गुणांतून वजा केलेली असते. तिथे फक्त त्या दिवसापर्यंतचीच सरासरी चालते.

मात्र बदललेले मथळे या चाचणीत सापडत नाहीत. त्यासाठी दुसरी चाचणी, उशिराची. प्रत्येक मथळा १५ मिनिटं उशिरा आला असं माना, मग ३०, मग ६०. रात्रीच्या बातम्यांवर चालणाऱ्या फीचरचा निकाल यामुळे थोडाच हलायला हवा. तो एकदम कोसळला, तर सगळी कमाई ९ च्या अगदी तोंडावरच्या मथळ्यांतून येत होती. मग त्या मथळ्यांच्या वेळा आणि शब्द एकेक करून तपासावे लागतात.

एक पळवाट तरीही उरते. भाषा-मॉडेल ज्या मजकुरावर शिकलं, त्यातच चाचणीच्या काळातल्या घटना असतील, तर त्याला निकाल आधीच ठाऊक असू शकतो. मथळ्यांच्या वेळा कितीही नीट जुळवल्या तरी हे झाकलं जात नाही. म्हणून मॉडेल तयार झाल्यानंतरच्या काळातले मथळे चाचणीसाठी जास्त भरवशाचे.

पुढच्या वेळी असा चढता आलेख टाइमलाइनवर आला, तर तीन गोष्टी विचारता येतील. निर्णय किती वाजता घेतला? मथळा किती वाजता हातात आला? आणि शेअर कोणत्या भावाला घेतला? या तिन्हींची उत्तरं पोस्टमध्ये नसतील, तर त्या आलेखावर विसंबून पैसे लावण्यात अर्थ नाही.