लघवीत अल्ब्युमिन ‘निल’, तरी किडनी धोक्यात? मधुमेहींसाठी एसीआर चाचणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, बाळापूर भागात कुणाची किडनी गेली की पहिला संशय विहिरीच्या किंवा बोअरच्या खाऱ्या पाण्यावर जातो. संशय अगदीच निराधार नाही. पण त्या नादात घरातल्या मधुमेहाकडे दुर्लक्ष होते. किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांत मधुमेह येतो, आणि त्याने होणारे नुकसान काही वर्षे आधी लघवीच्या साध्या चाचणीत दिसू शकते.

किडनीत रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक चाळण्या असतात. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन या चाळणीतून सहसा जात नाही. शुगर आणि बीपी वर्षानुवर्षे वाढलेले राहिले की चाळणी सैल होते आणि थोडे थोडे अल्ब्युमिन लघवीत उतरू लागते. तेव्हा काही दुखत नाही, लघवीही नेहमीसारखीच होते. लघवीला फेस येणे, पायांवर सूज येणे हे बहुधा बरेच पुढे गेल्यावरचे प्रकार.

खरी गफलत रिपोर्ट वाचताना होते. समजा, अकोल्यातला ५२ वर्षांचा एक शेतकरी आहे, मधुमेहाला आठ वर्षे झालीत. रक्तातले क्रिएटिनिन ०.९, म्हणजे नॉर्मल. साध्या लघवी तपासणीत अल्ब्युमिन ‘निल’. घरचे निर्धास्त. पण साधी पट्टी प्रथिन बरेच जास्त असल्याशिवाय रंग बदलत नाही आणि क्रिएटिनिन तर किडनीचे मोठे काम थांबेपर्यंत नॉर्मल दिसू शकते. त्याच दिवशी एसीआर, म्हणजे लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण, तपासले असते तर? एका लिटरमागे अल्ब्युमिन ८८ मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन ०.८ ग्रॅम निघाले, तर ८८ भागिले ०.८, म्हणजे ११०. तो माणूस भरपूर पाणी पिऊन आला असता आणि लघवी दुप्पट पातळ झाली असती, तर आकडे ४४ आणि ०.४ झाले असते. उत्तर पुन्हा ११०. म्हणूनच नुसत्या अल्ब्युमिनपेक्षा हे प्रमाण भरवशाचे.

३० च्या खाली ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली. ३०० च्या वर गेले तर नुकसान बरेच झालेले असते. मात्र एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचे अंगमेहनतीचे काम किंवा फार वाढलेली शुगर यांनीही आकडा चढतो. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा जास्त आला, तरच तो पक्का धरतात. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना उत्तम. टाइप २ मधुमेहात निदान झाले त्याच वेळी आणि नंतर दरवर्षी ही चाचणी करायची; सोबत क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआरही बघायचा.

११० आकडा पक्का ठरला तर पुढे काय? बहुतेकांसाठी बीपी १३०/८० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या गटांतली गोळी बीपी उतरवतेच, शिवाय चाळणीवरचा दाबही कमी करते. ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन थोडे चढले म्हणून घाबरून गोळी बंद करू नये. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्याही किडनीची घसरण मंदावतात. त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर भारतात त्या बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. उलट्या-जुलाब झाले, कडक उपास असला किंवा उन्हाने अंगातले पाणी आटले, तर या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. अकोल्याच्या मे महिन्यात हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेले बरे.

मीठ दिवसाला एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवे. खारपाणपट्ट्यात पाण्यातूनही क्षार पोटात जातात, म्हणून लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या यांचा हिशेब इथे अधिक काटेकोर. मिठाऐवजी मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. वरच्या गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि एक सवय मोडावी लागते. कापूस वेचून कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि अशी वेदनाशामक एकत्र आली, त्यात अंगातले पाणी कमी असले, तर किडनी काही दिवसांतच अडचणीत येऊ शकते. दुखण्यावर पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात घेणे त्यामानाने सुरक्षित.