पायऱ्यांचा वक्र : कॅपलन-मायर आलेखाचा उगम आणि छेदणाऱ्या वक्रांचा अर्थ

कर्करोगावरील कोणत्याही औषधचाचणीचा अहवाल उघडला असता त्यात एक आलेख हमखास आढळतो. शंभर टक्क्यांपासून निघालेली रेषा पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरते आणि तिच्या सपाट भागांवर मधूनमधून लहान उभ्या खुणा दिसतात. यास अतिजीविता वक्र म्हणतात. आज तो रूढ झाला असला तरी त्याचा उगम एका अडचणीत आहे : ज्या रुग्णांची हकिगत अपुरी राहिली त्यांचे काय करावयाचे?

एडमंड हॅली याने १६९३ मध्ये ब्रेस्लाव शहराच्या मृत्युनोंदींवरून जीवनसारणी तयार केली, तेव्हापासून आयुर्मानाचा हिशेब वर्षांच्या गटांत मांडला जात असे. मोठ्या लोकसंख्येला ही रीत पुरेशी होती. परंतु वीस-पंचवीस रुग्णांच्या अभ्यासात गट पाडल्यास हाती काही उरत नाही. १९५२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पॉल मायर यांच्या वाचनात मेजर ग्रीनवुड यांचा कर्करोगाच्या कालावधीविषयीचा निबंध आला आणि ते या प्रश्नाकडे वळले. पुढच्याच वर्षी बेल टेलिफोन प्रयोगशाळेत एडवर्ड कॅपलन समुद्रतळाच्या दूरध्वनी केबलमधील निर्वात नलिका किती काळ टिकतात याचा विचार करू लागले. नलिका आणि रुग्ण यांत वरकरणी साम्य नाही. मात्र निरीक्षण थांबते त्या क्षणी काही नलिका अद्याप चालूच असतात, तसे काही रुग्ण अद्याप जिवंत असतात. जॉन ट्युकी यांच्यामुळे कॅपलन यांना मायर यांच्या कामाची माहिती झाली. दोघांची हस्तलिखिते अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकाकडे गेली आणि संपादकांनी संयुक्त निबंधाची सूचना केली. दोन भिन्न मांडण्या जुळविण्यात चार वर्षांचा पत्रव्यवहार खर्ची पडला. या काळात दुसराच कोणी ही कल्पना प्रसिद्ध करील, अशी धास्ती उभयतांना होती. निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पद्धतीचे मर्म १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीच्या आधारे स्पष्ट करता येते. तीव्र रक्तकर्करोग तात्पुरता शमलेल्या रुग्णांपैकी २१ जणांना ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध आणि २१ जणांना औषधरहित गोळी, म्हणजे प्लासिबो, देण्यात आली. रोग किती आठवड्यांनी उलटतो हे मोजावयाचे होते. रुग्ण एकाच दिवशी दाखल झाले नव्हते. त्यामुळे चाचणी थांबली तेव्हा औषधगटातील १२ जणांचा रोग उलटलेलाच नव्हता. अशा नोंदीस सेन्सॉर झालेली नोंद म्हणतात. वक्रावरील उभी खूण तिचीच असते. ती मृत्यूची वा रोग उलटल्याची खूण नव्हे. ‘येथपर्यंत रुग्ण ठीक होता, पुढचे ज्ञात नाही’ एवढेच ती सांगते.

आता हिशेब पाहू. सहाव्या आठवड्यात २१ पैकी ३ जणांचा रोग उलटला. १८ भागिले २१, म्हणजे वक्र सुमारे ८६ टक्क्यांवर उतरला. त्याच आठवड्यात एका रुग्णाची नोंद सेन्सॉर झाली. तिच्यामुळे वक्र खाली येत नाही. केवळ पुढील भाजक एकाने कमी होतो. सातव्या आठवड्यात निरीक्षणाखाली १७ जण उरले आणि त्यांपैकी एकाचा रोग उलटला. म्हणून ८६ टक्क्यांना १६/१७ ने गुणावयाचे; उत्तर ८१ टक्के. असाच गुणाकार प्रत्येक घटनेच्या वेळी होतो. बाविसाव्या आठवड्यात ७ जणच उरले होते; त्यांतील एकाचा रोग उलटताच वक्र ६३ वरून ५४ टक्क्यांवर आला आणि तेविसाव्या आठवड्यात ६ पैकी एकामुळे ४५ टक्क्यांवर. सातव्या आठवड्यात एका रुग्णाने वक्र पाच अंशांनी उतरविला, तेविसाव्यात नऊ अंशांनी. शेवटच्या पायऱ्या उंच दिसतात त्या रोग बळावल्यामुळे नव्हे, तर भाजक लहान झाल्यामुळे. आलेखाखाली उरलेल्या रुग्णांची संख्या छापलेली असते ती याचसाठी, आणि ती न पाहता वक्राच्या शेपटीवर भाष्य करणे धाडसाचे होय.

वक्र ५० टक्क्यांच्या रेषेखाली प्रथम जेथे जातो तो काळ म्हणजे मध्यक. औषधगटात तो २३ आठवडे, तर प्लासिबो गटात ८ आठवडे येतो. सेन्सॉर नोंदी वगळून केवळ रोग उलटलेल्या नऊ जणांचा मध्यक काढला असता तर तो १० आठवडे आला असता. आणि निरीक्षण संपले तेथेच रोग उलटला असे मानले असते तर १६. त्याच २१ रुग्णांविषयीची ही तीन उत्तरे आहेत. पहिल्या उत्तराने एक उपयुक्त औषध जवळजवळ निरुपयोगी ठरविले असते, कारण ज्यांना सर्वाधिक लाभ झाला तेच हिशेबातून वगळले गेले असते. अर्थात पद्धतीलाही एक अट आहे : ज्यांची नोंद सेन्सॉर झाली त्यांचा पुढील धोका उरलेल्यांसारखाच असावा. प्रकृती ढासळल्यामुळेच रुग्ण चाचणी सोडून जात असतील, तर वक्र वास्तवापेक्षा वर राहतो आणि आलेखाकडे पाहून ते कळत नाही.

मध्यक हा वक्रावरील एकच बिंदू आहे, ही मर्यादा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ चाचणीने ठळक केली. पूर्व आशियातील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १२१७ रुग्णांत गेफिटिनिब ही गोळी आणि प्रचलित रसायनोपचार यांची तुलना झाली. हे रुग्ण कधीही धूम्रपान न केलेले, किंवा पूर्वी अल्प धूम्रपान करून ते सोडलेले होते. रोग वाढेपर्यंतचा मध्यक काळ गोळीच्या गटात ५.७ महिने आणि रसायनोपचाराच्या गटात ५.८ महिने होता. केवळ एवढे वाचणारा ‘फरक नाही’ म्हणून पान उलटील. पण वक्र पाहता आरंभीचे महिने रसायनोपचाराची रेषा वर आहे, सहा महिन्यांच्या सुमारास दोन्ही एकमेकींना छेदतात, आणि बारा महिन्यांनी रोग न वाढलेल्यांचे प्रमाण गोळीच्या गटात २४.९ टक्के तर दुसऱ्यात ६.७ टक्के आहे.

छेदनबिंदूचा अर्थ लावताना घाई होते. त्या क्षणी गोळी प्रभावी होऊ लागली असे नव्हे. वक्र हा तोवरच्या सर्व हानीचा साठलेला हिशेब आहे. छेदनबिंदूवर केवळ आरंभीची पिछाडी भरून निघते. धोक्याचा कल त्याआधीच उलटलेला असतो. तसेच अशा प्रसंगी सरासरी धोका-गुणोत्तर फसवे ठरते. आयपासमध्ये ते ०.७४ होते, परंतु आरंभी एकाहून अधिक आणि पुढे एकाहून कमी असलेल्या गुणोत्तराची ती सरासरी होती. कॉक्स यांच्या १९७२ मधील प्रतिमानाने गृहीत धरलेले स्थिर प्रमाण येथे नव्हतेच.

वक्र छेदण्याचे कारण अर्बुदांच्या तपासणीत सापडले. ४३७ रुग्णांच्या अर्बुदातील ईजीएफआर जनुक तपासता आले. २६१ जणांत त्यात उत्परिवर्तन होते. त्यांच्यात गोळीचा मध्यक ९.५ महिने, रसायनोपचाराचा ६.३. उत्परिवर्तन नसलेल्या १७६ जणांत हेच आकडे १.५ आणि ५.५ होते. म्हणजे गोळीच्या एका वक्रात दोन भिन्न समूह मिसळले होते : एकाचा रोग आरंभीच वाढून वक्र झपाट्याने उतरला, आणि पुढे दुसऱ्यामुळेच तो सपाट झाला. स्वतंत्रपणे काढलेल्या वक्रांत ही गुंतागुंत उरली नाही. तथापि २०११ मध्ये एकूण आयुष्याचे वक्र प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांत उल्लेखनीय अंतर आढळले नाही. रोग वाढल्यावर अनेक रुग्णांना दुसऱ्या गटाचे औषध मिळाले होते, आणि तो बदल वक्रावर कोणत्याही खुणेने दाखविलेला नसतो.